रद्द आयतींची यादी कोण ठरवतं?

कुराणातल्या इतक्या आयती रद्द झाल्या, असं कुणी ठामपणे सांगितलं तर विचारा: कुणाच्या हिशोबानं? पंधराव्या शतकात सुयूतींनी सुमारे २० मानल्या, अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाहांनी फक्त ५. कुराण तेच होतं.

घोळ 'नस्ख' या शब्दात आहे. सुरुवातीचे भाष्यकार अपवाद सांगणाऱ्या किंवा नियम मर्यादित करणाऱ्या आयतीलाही नस्ख म्हणत. पुढे अर्थ आवळला: जुना हुकूम पूर्ण रद्द झाला तरच नस्ख. म्हणून यादी आटली.

दुसऱ्या सूरेतली २४०वी आयत विधवेला वर्षभराचा निर्वाह आणि राहतं घर देते. २३४वी तिला पुनर्विवाहाआधी चार महिने दहा दिवस थांबायला सांगते. बहुतेकांच्या मते २३४वीनं २४०वी रद्द केली. शाह वलीउल्लाहांच्या पाचांतही ती आहे. मुजाहिद म्हणाले, दोन्ही लागू आहेत: तेवढे दिवस थांबणं बंधन, उरलेले सात महिने वीस दिवस त्या घरात राहणं तिची मर्जी.

नवं व्हर्जन आलं, जुनं गेलं, इतकं हे सोपं नाही. मेळ बसत असताना 'रद्द' म्हणणारा आयत वाचत नसतो, निवाडा देत असतो. इथे त्या निवाड्यानं विधवेचं सात महिन्यांचं छप्पर जातं.