शिक्षणकर्जाचे व्याज आणि आयकरातील वजावट

दहावी-बारावीनंतर आपल्या धाराशिव जिल्ह्यातील मुले-मुली लातूर, छत्रपती संभाजीनगर, पुण्याकडे निघतात. फी, वसतिगृह आणि मेस यांचा हिशेब झाला की घरात कर्जाचा विषय निघतो, आणि कोणीतरी हमखास सांगतो, "घ्या कर्ज, टॅक्समध्ये सूट मिळते." ही सूट नेमकी कोणाला आणि किती मिळते, ते या वेळी पाहू.

आयकर कायद्यात ही तरतूद कलम 80ई म्हणून ओळखली जाते. पूर्वी फक्त स्वतःच्या शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाला वजावट होती, मुद्दल आणि व्याज मिळून वर्षाला 40 हजारांपर्यंत. 2005 च्या अर्थसंकल्पाने मुद्दल वगळले आणि व्याजावरची मर्यादा काढून टाकली. 2007 मध्ये पती-पत्नी आणि मुलांचे शिक्षणही त्यात आले. भावाबहिणीसाठी घेतलेले कर्ज मात्र आजही बसत नाही. आपल्याकडे थोरला भाऊच धाकट्याला शिकवतो, त्यामुळे ही उणीव आम्हाला खटकते.

व्याजालाच सूट का? दुकानदार यंत्रासाठी कर्ज घेतो तेव्हा त्याचे व्याज धंद्याचा खर्च म्हणून उत्पन्नातून वजा होते. शिक्षण हीसुद्धा पुढच्या कमाईसाठीची गुंतवणूक आहे, आणि त्या कमाईवर सरकार कर घेणारच आहे. मग ती कमाई उभी करायला लागलेले व्याज वजा व्हावे, असा हा विचार. पण त्यातच त्याची मर्यादाही आहे. ज्याला करच लागत नाही, त्याला या सुटीचा रुपयाही मिळत नाही.

आणि आता करच लागत नाही अशी घरे खूप आहेत, कारण ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. समजा, एका शिक्षकाचा वार्षिक पगार 9 लाख आहे आणि मुलाच्या कर्जावर तो वर्षाला 60 हजार व्याज भरतो. 2025-26 च्या दरांनी नव्या पद्धतीत त्याला कर शून्य. जुन्या पद्धतीत 50 हजारांची प्रमाणित वजावट, 80सी चे दीड लाख आणि हे 60 हजार वजा करूनही सुमारे 42 हजार कर येतो. त्याने सूट घ्यायची म्हणून जुनी पद्धत निवडली तर खिशातले पैसे जातील.

मग फायदा कुठे? परदेशी शिक्षणाचे मोठे कर्ज असेल तिथे. पगार 15 लाख, व्याज वर्षाला 4 लाख. नव्या पद्धतीत कर 97,500. जुन्यात तीच प्रमाणित वजावट, दीड लाख आणि हे 4 लाख वजा होऊन 96,200. म्हणजे तराजू इथे कुठे समतोल होतो. आरोग्य विम्याचा 25 हजारांचा हप्ता असेल तर जुनी पद्धत साडेसहा हजारांनी स्वस्त पडते.

दुसरी अडचण आठ वर्षांची. पहिले व्याज ज्या वर्षी भराल तिथून आठ वर्षे मोजली जातात, नोकरी लागल्यापासून नाही. मुलीने स्वतः कर्ज घेतले आणि चार वर्षांच्या अभ्यासक्रमात व्याज भरत राहिली, तर कमाई सुरू होईपर्यंत निम्मी मुदत संपलेली असते. म्हणून काहीजण व्याज थकू द्यायला सांगतात. आम्हाला तो सल्ला पटत नाही. न भरलेले व्याज पुढे मुद्दलात जमा होते आणि त्यावर पुन्हा व्याज चढते. करातून परत येतो तो व्याजाचा काही भाग, वाढलेले व्याज मात्र पूर्ण आपल्या अंगावर.

कर्ज कोणाकडून घेतले, हेही पाहिले जाते. बँक, अधिसूचित वित्तसंस्था किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्था हवी. पतसंस्था, सावकार किंवा मामूकडून घेतलेले पैसे चालत नाहीत. दागिने गहाण ठेवून काढलेले कर्ज शिक्षणासाठीच होते, हे सिद्ध करणे अवघड जाते. बँकेकडून दरवर्षी व्याजाचा दाखला घ्या, त्यात मुद्दल आणि व्याज वेगवेगळे दाखवलेले असावे. सरकारने अनुदानातून भरलेले व्याज आपण भरलेले नसते, ते वजा होत नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणकर्जावरील व्याजासाठी असलेली 'पढो परदेश' योजना तर 2022-23 पासून बंदच आहे.

व्याजाचे कर्ज नको म्हणून शेत विकणाऱ्या किंवा नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना घेणाऱ्या घरांना 80ई चा उपयोग नाही, कारण वजा करायला व्याजच नाही. त्यांच्यासाठी जुन्या पद्धतीत 80सी खाली भारतातील शाळा-कॉलेजची दोन मुलांपर्यंतची शिकवणी फी दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेत बसते. त्यात वसतिगृह, देणगी किंवा खासगी क्लासची फी धरत नाहीत, तेव्हा कॉलेजच्या पावतीवर शिकवणी फी वेगळी लिहून घ्या.