आडनाव खोडलं तरी गाव ओळखतं

मानसशास्त्राच्या एम.ए.ला किंवा समुपदेशनाच्या पदविकेला असताना हिंगोली, वसमत, कळमनुरीकडे इंटर्नशिपला बसणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. त्यांच्यासमोर येऊन बसणाऱ्या माणसांनीही वाचावं, कारण आपल्याविषयी कागदावर काय उतरतं हे विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

नोंदी तपासताना वारंवार एक गोष्ट दिसते. नाव खोडून ‘क्लायंट अ’ लिहिलेलं असतं आणि पुढच्याच ओळीत ‘सेनगाव तालुक्यातल्या अमुक गावी एकमेव मेडिकलवाला, वय 41, धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी विहिरीत पडून गेला’ असं असतं. पुण्यात अशी ओळ कदाचित खपून जाईल. आपल्याकडे ती वाचून तालुक्यातला कोणीही त्या घराचं दार दाखवेल. गाव, धंदा आणि घरातली एक घटना या तीन गोष्टी एका कागदावर आल्या की नाव लिहिलं काय नि खोडलं काय, सारखंच.

म्हणून पहिली विनंती अशी की तुमच्याजवळ तीन वेगळे कागद असतात, ते एकमेकांत मिसळू नका. सत्र चालू असताना चार शब्द टिपायची कच्ची वही हा एक. संस्थेच्या किंवा रुग्णालयाच्या फाइलमध्ये जाणारी नोंद हा दुसरा. कॉलेजात गुणांसाठी द्यायचा केस रिपोर्ट हा तिसरा. फाइलमधली नोंद उपचारासाठी असते, तिच्यात उपचाराला लागेल तेवढं खरं आणि नेमकं असलंच पाहिजे. कॉलेजचा रिपोर्ट शिकण्यासाठी असतो, त्यात माणूस ओळखू येताच कामा नये. बहुतेक घोळ फाइलमधला मजकूर तसाच उचलून रिपोर्टात चिकटवल्याने होतो. तो रिपोर्ट मग बाइंडिंगवाल्याच्या टेबलावर, तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या हातात आणि शेवटी विभागाच्या कपाटात फिरत राहतो.

आता एक प्रसंग धरू. तो कोणा एकाचा नाही, पण या भागात काम करणाऱ्याला ओळखीचा वाटेल. मराठवाडा आणि विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत 2015 पासून शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू झाला. त्यात आशाताई घरोघरी जाऊन ताणाखाली असलेल्या माणसांची चौकशी करतात आणि गरज असेल त्याला पुढे पाठवतात. अशाच एका आशाताईने पाठवलेला, पंचेचाळिशीचा सोयाबीन-हळदवाला शेतकरी दुसऱ्यांदा तुमच्यासमोर येऊन बसला आहे. सत्र संपल्यावर इंटर्नने लिहिलं:

‘क्लायंट दारुडा वाटतो. बायकोशी पटत नाही. मोठ्या भावाने वाटणीत फसवले, भावाचे गावातल्या एका बाईशी संबंध आहेत. सुसाईडल वाटतो. समजावून सांगितले, आता बरा आहे.’

या पाच वाक्यांत कामाचं जवळजवळ काही नाही आणि घात करणारं पुष्कळ आहे. ‘दारुडा वाटतो’ हे इंटर्नचं मत आहे. काय दिसलं म्हणून वाटलं ते लिहिलेलं नाही. भावाचे संबंध हा तिसऱ्याच माणसाचा खाजगी मामला, तो या शेतकऱ्याच्या उपचाराला लागत नाही. उद्या वाटणीच्या दाव्यात ही फाइल मागवली गेली, तर तेच वाक्य आधी वाचलं जाईल. आणि ज्या एका गोष्टीसाठी हा कागद खरा महत्त्वाचा, ती ‘सुसाईडल वाटतो’ या दोन शब्दांत गुंडाळली आहे.

हेच असं लिहिता येतं:

‘सत्र 2. वेळ 45 मिनिटं. हेतू: झोप आणि जिवाच्या धोक्याची चौकशी. म्हणणं: तीन आठवडे पहाटे तीनला जाग, मग झोप नाही. कर्ज आणि जमिनीच्या वाटणीचा ताण. मरणाचे विचार येतात का, असं थेट विचारलं. उत्तर: “गोठ्यातली फवारणीची बाटली रोज डोळ्यापुढं येते. आठवड्यात दोनदा हातात घेतली. पोरगी आठवली, ठेवून दिली.” याआधी प्रयत्न केल्याचं नाकारलं. बाटली अजून घरीच. निरीक्षण: तोंडाला दारूचा वास, बोलणं स्पष्ट, विचारल्यावर “सकाळी थोडी घेतली” म्हणाले. दोनदा रडले. केलं: सत्र चालू असतानाच सुपरवायझरना बोलावलं, ते येऊन भेटले. मनोविकारतज्ज्ञांकडे आजच पाठवलं. पत्नीला सांगण्यास संमती दिली, त्यांच्यासमोरच सांगितलं. पुढची भेट परवा.’

खाली इंटर्नची सही, तिच्याखाली सुपरवायझरची. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 खाली 2018 साली जे नियम आले, त्यांत थेरपीच्या नोंदीचा नमुनाच दिला आहे. सत्राचा क्रमांक, वेळ, हेतू, मुख्य मुद्दे, वापरलेलं तंत्र, निरीक्षण, पुढची आखणी आणि देखरेख कोणाची, असा त्याचा साधारण क्रम आहे. वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर तो चिकटवून ठेवा.

दोन नोंदींत आणखी एक फरक पाहा. दुसरीत माणसाचे शब्द अवतरणचिन्हांत आहेत, तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं आहे आणि तुम्ही काय केलं तेही वेगळं आहे. धोक्याच्या जागी माणसाचे स्वतःचे शब्दच लिहा, त्यांचं प्रमाण मराठी करू नका. ‘बाटली हातात घेतली’ आणि ‘बाटलीचा विचार येतो’ यांत किती अंतर आहे ते पुढच्या डॉक्टरला त्या शब्दांवरूनच कळतं. बाकी वेळी उलट करा. भांडणाचा सगळा पाढा न लिहिता ‘वाटणीवरून भावाशी ताण’ एवढं पुरतं.

आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल तर तो लिहायला काही मुलं घाबरतात. लिहिलं की पोलिस केस होईल, असं त्यांना वाटतं. 2017 च्या कायद्याचं कलम 115 सांगतं की उलट सिद्ध होत नाही तोवर असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. न लिहिलेला प्रयत्न मात्र पुढच्या डॉक्टरला आंधळं करतो.

पत्नीला काय सांगितलं, हाच गोपनीयतेच्या मर्यादेचा खरा मुद्दा आहे. त्याच कायद्याचं कलम 23 गुप्तता पाळायला सांगतं आणि अपवादही देतं. जिवाचा धोका टाळायला माहिती देता येते, पण त्या धोक्यापुरती लागेल तेवढीच. म्हणजे पत्नीला सांगायचं ते असं: घरातली सगळी फवारणीची औषधं आजच्या आज दुसरीकडे हलवा, दोन-तीन दिवस यांना एकटं सोडू नका, रात्री-अपरात्री वाटलं तर 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करा, परवा इथे या. सावकाराचा आकडा सांगायचा नाही. भावाबद्दल ते काय बोलले तेही सांगायचं नाही. त्यांनी संमती नाकारली असती तरी एवढं सांगावंच लागलं असतं. मात्र तो निर्णय सुपरवायझरचा, तुमचा नव्हे. कोणाला, किती वाजता, नेमकं काय सांगितलं, ते वरच्या नमुन्यात थोडक्यात उरकलं आहे, खऱ्या नोंदीत मात्र आलंच पाहिजे.

संध्याकाळी आशाताईचा फोन येतो, ‘आले होते का दादा? काय म्हणले?’ तिची काळजी खरी असते आणि पाठवलेलंही तिनेच असतं, म्हणून इथे जीभ सैल सुटते. तिला पुढच्या भेटीची तारीख सांगता येईल, तीही त्यांनी हरकत घेतली नसेल तर. ‘ताई, त्यांना परवा बोलावलंय, आठवण तेवढी करा’ यापुढे जायचं नाही.

ही मर्यादा पहिल्याच भेटीत, काही बोलणं व्हायच्या आधी सांगून ठेवावी. छापील संमतीपत्रावर सही घेणं म्हणजे सांगणं नव्हे. साध्या भाषेत असं म्हणा: ‘मी अजून शिकते आहे, माझ्या मॅडम माझ्या नोंदी वाचतात. त्याखेरीज तुम्ही बोलाल ते या खोलीबाहेर जात नाही. पण तुमच्या किंवा कोणाच्या जिवाला धोका वाटला, अठराच्या आतल्या लेकराला कोणी त्रास देत असल्याचं कळलं, किंवा कोर्टाचा हुकूम आला, तर मला पुढे सांगावंच लागेल. ते तुम्हाला सांगूनच करायचा प्रयत्न करीन.’ हे बोलल्याचीही एक ओळ नोंदीत हवी.

अठराच्या आतल्या मुलीचा विषय थोडक्यात, पण ठाम. ऊसतोडीला जाण्याआधी पोरीचं लग्न उरकणारी घरं या भागात आहेत, त्यामुळे सतरा वर्षांची गरोदर मुलगी कधीतरी तुमच्यासमोर येईल. लग्न झालं असलं तरी हा मामला पॉक्सोत येतो. या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे आणि कलम 21 प्रमाणे न कळवणं गुन्हा आहे. त्याच तासाला सुपरवायझरला सांगा. तपास करू नका, ‘मग त्याने काय केलं’ असं खोदून विचारू नका. ती आपणहून जे बोलली ते तिच्या शब्दांत आणि तुम्ही विचारलेला प्रश्नही जसाच्या तसा लिहा.

फाइल बघायला पोलिस शिपाई आला, वकील आला किंवा सासरा आला, तर तुमचं उत्तर एकच असावं: ‘साहेब, लेखी अर्ज प्रमुखांकडे द्या.’ कायद्याने वकिलाला अशिलाच्या बोलण्याबाबत जे संरक्षण आहे, ते समुपदेशकाला नाही. कोर्टाचा हुकूम आला तर संस्थेला कागद द्यावा लागतो. खुद्द क्लायंटलाही 2017 च्या कायद्याच्या कलम 25 प्रमाणे आपल्या उपचाराच्या मूलभूत नोंदी पाहायचा हक्क आहे. गंभीर मानसिक इजा होईल किंवा दुसऱ्याला धोका पोचेल असा एखादा भाग डॉक्टर रोखू शकतात, तेवढाच अपवाद. त्या शेतकऱ्याने उद्या स्वतःची नोंद वाचली तर ‘दारुडा’ या शब्दाचं तुम्ही काय उत्तर देणार?

कॉलेजच्या रिपोर्टासाठी लेखी परवानगी घ्या आणि ती नाकारली तर उपचारात काहीही फरक पडणार नाही हे सांगून घ्या. मग गाव आणि तालुका काढा, ‘मराठवाड्यातला शेतकरी’ एवढं ठेवा. वय ‘चाळिशीतला’ करा. भाऊ ‘जवळचा नातेवाईक’ होऊ दे. बाटलीचा प्रसंग, झोप, दारू हे बदलू नका, कारण शिकायचं तेच आहे. तपशील बदलल्याची एक ओळ वर लिहा. मग वाचून पाहा: त्याच्या चुलतभावाने हा कागद उचलला तर ओळखेल का? ओळखणार असेल तर अजून काढा, किंवा दुसरी केस निवडा.

नोंद त्याच दिवशी लिहा. चुकलं तर एक सरळ रेघ ओढून शेजारी तारीख आणि सही. व्हाइटनर लावायचा नाही. नोंदीचा फोटो सुपरवायझरला व्हॉट्सअपवर पाठवू नका, तो तुमच्या गॅलरीतून ड्राइव्हवर आणि घरातल्या लहान भावाच्या हाती जातो. कच्ची वही कपाटातच राहू द्या, एस.टी.ने घरी न्यायची नाही. पक्की नोंद होऊन सही झाली की कच्चे कागद संस्थेच्या नियमाप्रमाणे फाडायचे. पण कोर्टाचं किंवा पोलिसांचं पत्र आल्यानंतर त्यातला एक चिटोराही फाडायचा नाही, कारण तेव्हा ते पुरावा नष्ट करणं ठरतं. इंटर्नशिप संपेल त्या दिवशी उरलेली पानं मोजून सुपरवायझरच्या ताब्यात द्या आणि पोच घ्या.