मांजराची विष्ठा गांडूळखतात नको

शेण खतात चालते, मग मांजराची विष्ठा का नको, असे परसबाग करणारे हमखास विचारतात. माझ्या मते विस्तार कार्यकर्त्याने यावर ठाम नकारच द्यावा. या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा गोंडी या परजीवीची टणक कवचाची सूक्ष्म अंडपुटी बाहेर पडू शकतात आणि ओलसर मातीत ती वर्षभराहूनही अधिक काळ तग धरतात. ती मरण्यासाठी ढिगाचा प्रत्येक भाग ५५ अंश सेल्सिअसवर काही दिवस राहायला हवा. घरगुती पिंपाचा मध्य तापला तरी कडा थंडच राहतात. तापमापी कडेला खुपसून पाहावी. गांडूळखतात तर ही उष्णता शक्यच नाही, कारण ३५ अंशांपुढे गांडुळेच टिकत नाहीत.

बेंटोनाइट मातीचे लिटर कुजतच नाही. भुशाचे किंवा कागदाचे कुजते. पण विष्ठा पडलेल्या ट्रेमधील भुसा, गोळे वेचून काढले तरी, भाजीच्या खतासाठी निर्धोक ठरत नाही. सशाच्या लेंड्या आणि भुसा मात्र खुशाल कुजवावा.

अंडपुटी संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात, म्हणून ट्रे रोज साफ करावा. हातमोजे घालावेत, गर्भवतीने हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. विष्ठा पिशवीत घट्ट बांधून स्थानिक नियमांनुसार घंटागाडीत द्यावी, शौचालयात टाकू नये. घंटागाडी नसलेल्या गावात विहिरीपासून व भाजीच्या वाफ्यांपासून दूर खोल पुरावी.