सलमाच्या नावावरची काडी

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं. डेव्हिड बेकहॅम हा इंग्लंडचा फुटबॉलपटू तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. त्याने 2000 साली आपल्या डाव्या हातावर बायकोचं नाव गोंदवून घेतलं, आणि तेसुद्धा चक्क देवनागरीत! हातावर अक्षरं उमटली ती अशी: 'व्हिक्टोरिया'. लगेच इंग्रजी वर्तमानपत्रांत गंमत सुरू झाली. नाव चुकलं, त्यात एक जादा 'ह' घुसला, असं छापून आलं.

आता सांगा पाहू, चूक कुठे आहे?

सापडली नाही ना? मलाही सापडली नव्हती. आपण मराठी माणसं 'व्हिक्टोरिया' असंच लिहितो. मुंबईच्या त्या मोठ्या स्टेशनाला 1996 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव मिळालं, त्याआधी तुमचे आजी-आजोबा त्याला 'व्हिक्टोरिया टर्मिनस'च म्हणत. इंग्रजीतल्या 'व्ही'साठी मराठीत आपण 'व्ह' वापरतो. आपण व्हॅन लिहितो, व्होट लिहितो. हिंदीत मात्र नुसता 'व' पुरतो. तिथे वैन, वोट आणि विक्टोरिया. बेकहॅमचं गोंदण हिंदीतलं म्हणून गाजलं, आणि हिंदी वाचणाऱ्याला तो 'ह' खटकला. तेच गोंदण मराठी म्हणून पाहिलं तर शंभरपैकी शंभर गुण!

म्हणजे बघा, देवनागरी ही लिपी झाली. तिच्यात लिहिलेला शब्द बरोबर की चूक, हे भाषा कोणती त्यावर ठरतं. 'हे देवनागरीत लिहून द्या' एवढं सांगून भागत नाही.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. ती नववीत आहे. गेल्या महिन्यात ती माझ्याकडे आली ती कागद नाचवतच. "मामा, सलमाच्या वाढदिवसाला चांदीचं पेंडंट करतेय. तिचं नाव, उर्दूत! सोनारकाकांना दोनशे रुपये अॅडव्हान्ससुद्धा देऊन आले."

"तुला उर्दू येतं?"

"नाही. पण फोनला येतं ना!"

फोनवर इंग्रजी अक्षरांत 'सलमा' टाईप करून तिने उर्दू नाव मिळवलं होतं. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, हे तुम्हाला ठाऊक असेल. फोनने दिलेल्या नावात चार अक्षरं होती: सीन, लाम, मीम आणि शेवटी 'आ'साठी अलिफ. उच्चाराने अगदी बरोबर. पण नावाचं शुद्धलेखन नाव ज्याचं त्याने ठरवायचं असतं. आपल्याकडे एखादी नूतन 'नू' दीर्घ लिहिते, एखादी 'नु' ऱ्हस्व लिहिते, आणि दुसरं कुणी बदललं की दोघींनाही राग येतो. उर्दूत 'सलमा'च्या शेवटी बहुतेकदा अलिफ नसतो. तिथे 'ये' हे अक्षर असतं आणि त्याच्यावर एक बारीकशी उभी काडी असते. तिला 'खडा अलिफ' म्हणतात. ये एकटा असता तर 'ई' वाचला गेला असता. ही काडी सांगते, इथे 'ई' नको, 'आ' म्हणा. काही घरांत याच नावाच्या शेवटी 'हे' हे अक्षरही लिहितात.

मग आपली सलमा कुठली? तिला विचारलं तर सगळी मजा जाणार. भाचीने तिच्या भावाला गाठलं. सलमा लहान असताना तिच्या नानीने एका वहीवर तिचं नाव लिहून दिलं होतं, त्याचा त्याने गुपचूप फोटो काढून आणला. नाव येचं होतं, वर काडीसकट. पहिली अडचण सुटली.

भाचीने तसं नाव पुन्हा टाईप केलं आणि फोनवरून सोनाराकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी डिझाईनचा कागद आला. तो पाहून भाची खूश, पण मी मात्र चपापलो.

मला उर्दू वाचता येतं असं नाही हं. पण एक गोष्ट माहीत आहे. उर्दू अक्षरं एकमेकांचा हात धरून उभी राहतात आणि हात धरताना आपला आकार बदलतात. सुटा सीन लांब शेपटीचा असतो. शब्दाच्या सुरुवातीला आला की शेपटी गळते आणि तीन बारीक दातच उरतात. काही अक्षरं डावीकडच्या शेजाऱ्याचा हात धरत नाहीत, अलिफ त्यांतलाच. पण सीन, लाम आणि मीम तिघेही धरतात. म्हणून 'सलमा' हे नाव एका सलग रेघेत आलं पाहिजे, आणि वरती ती काडी वेगळी. डिझाईनच्या कागदावर मात्र चार सुटी अक्षरं चार खांबांसारखी उभी होती. शिवाय क्रमही उलटा! शेपटीवाला सीन डावीकडे जाऊन बसला होता. कुणी 'सलमा'ऐवजी 'ा म ल स' छापावं, तसलाच प्रकार.

हे झालं कसं? फोनला अक्षरं जोडता येतात. पण दुकानातल्या डिझाईनच्या जुन्या प्रोग्रॅमला ती येत नव्हती. त्याने अक्षरं घेतली आणि इंग्रजीसारखी डावीकडून एकेक मांडून टाकली. हसू नका, देवनागरीचंही असंच होतं. 'शक्ती'मधला पाय मोडका क सुटा पडलेला आणि वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर बसलेली, असे बोर्ड तुम्ही पाहिले असतील. परदेशातल्या कित्येक गोंदणांतही हीच मोडतोड दिसते. आपल्याला ती झटकन कळते, कारण आपण वाचतो. गोंदणाऱ्याला ती नुसती नक्षी वाटते.

उपाय सोपा निघाला. टाईप केलेली अक्षरं पाठवायचीच नाहीत, त्यांचं चित्र करून पाठवायचं. चित्रातली अक्षरं कुठलाही प्रोग्रॅम सुटी करू शकत नाही. भाचीने फोनवर नाव मोठं करून त्याचा फोटो पाठवला, सोनाराने त्यावरून रेखाटन केलं. यावेळी रेघ सलग होती. वहीवरच्या नावाशी ताडून पाहिलं, आम्हाला तरी सारखंच वाटलं.

"आता करायला सांगू?" भाचीने विचारलं.

मी म्हटलं, "थांब. अजून कुणी वाचलंच कुठंय?"

तेव्हा मी तिला एका गायिकेची गोष्ट सांगितली, ती तुम्हीही ऐका. अमेरिकेची आरियाना ग्रांदे. 2019 च्या जानेवारीत तिचं 'सेव्हन रिंग्ज', म्हणजे 'सात अंगठ्या', हे गाणं आलं. त्या आनंदात तिने तेच शब्द जपानीत तळहातावर गोंदवून घेतले. ते लिहायला पाच चिन्हं लागतात. पण तळहातावर फार दुखतं म्हणून तिने मधली तीन गाळली आणि 'सात' व 'कडं' एवढी दोनच घेतली. वाटलं, अर्थ तोच राहील! पण जपानीत ही दोन चिन्हं शेजारी आली की त्यांचा शब्द होतो 'शिचिरिन', म्हणजे कोळशावर मासे-बिसे भाजायची छोटी शेगडी. जगभर हसू झालं. मग तिने खाली 'बोट' या अर्थाचं एक चिन्ह वाढवलं, पण ते हवं होतं मधे. लोक म्हणाले, शेगडी होती, आता शेगडी आणि बोट झालं.

आधी एका जपानी माणसाला नुसतं 'हे काय लिहिलंय?' असं विचारलं असतं, तर दोन सेकंदांत शेगडी सापडली असती. यात विचारायची पद्धत फार महत्त्वाची आहे, बरं का! 'इथे सात अंगठ्या असं लिहिलंय ना?' असं विचारलं तर भिडेखातर माणूस 'हो, हो' म्हणतो. उत्तर आपणच त्याच्या तोंडात घालतो. कागद हातात द्यायचा आणि गप्प बसायचं.

मग आम्ही माझ्या ओळखीच्या, उर्दू शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंकडे गेलो. त्या सलमाला ओळखत नव्हत्या, तेच हवं होतं. सलमाच्या नानीला दाखवलं असतं तर तिने चूक असतानाही नातीचंच नाव वाचलं असतं. भाचीने सोनाराचं रेखाटन पुढे केलं. ती ओठ घट्ट मिटून उभी.

बाईंनी चष्मा लावला. "सल... सलमी? अंदाजाने सलमा म्हणेन मी. पण याचा खडा अलिफ कुठंय?"

काडी गायब होती! आम्ही दोघांनी कागद ताडून पाहिला होता, तरी ती बारीकशी रेघ कुणाच्याच नजरेत भरली नव्हती.

सोनाराला विचारलं तर ते सहज म्हणाले, "अहो, ती काढून टाकली मी. ती अधांतरी आहे. करवतीने चांदीचा पत्रा कापला की ती सुटी होऊन खाली पडणार." खरंच होतं त्यांचं! देवनागरीत शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते, तरी 'वसंत'वरचा अनुस्वार पेंडंटमध्ये सुटतोच. उर्दूत तर पुष्कळ अक्षरं नुक्त्यांवरून, म्हणजे ठिपक्यांवरून ओळखायची. ठिपका गेला की अक्षरच बदललं. भाचीने त्यांना सलमा आणि सलमी यांतला फरक समजावून सांगितला. त्यावर काकांनी काडीच्या खालून एक केसाएवढी तार खालच्या अक्षराला झाळायचं ठरवलं. पन्नास रुपये जास्त पडले.

एक शेवटची खबरदारी भाचीने स्वतःच घेतली. कापलेलं अक्षर दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं, आणि काकांना उर्दू येत नाही. मग सुलटी बाजू त्यांना कशी कळायची? कडी उलटी बसली तर गळ्यातलं नाव आरशातल्यासारखं दिसणार. तिने रेखाटनावर लाल पेनने बाण काढून लिहिलं: सीनचे दात उजवीकडे, येचा होडीसारखा बाक डावीकडे, बघणाऱ्याच्या बाजूने. आणि त्याखाली काकांची सही घेतली!

पेंडंट बुधवारी मिळालं, वाढदिवस शुक्रवारी होता. सलमाने डबी उघडली, पाहिलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "ए, तुला कसं कळलं मी ये लावते ते?"