किळस हा पुरावा नव्हे

मानवी क्लोनिंगला विरोध करताना १९९७ मध्ये अमेरिकन विचारवंत लिऑन कास यांनी लिहिलं, की काही गोष्टींची किळस येते तेव्हा त्यामागे शब्दांत न मावणारं शहाणपण असतं. हे झटकून टाकण्यासारखं नाही. प्रेताची विटंबना पाहून आपण शहारतो, ते कुणाचा युक्तिवाद ऐकून नव्हे.

पण हेच म्हणणं महाडला नेऊन पाहा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचं पाणी प्यायले. मग सनातन्यांनी दूध, दही, शेण, गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. शेण चाललं, माणसाची ओंजळ चालली नाही! ती किळस ढोंगी नव्हती, मनापासूनची होती. म्हणूनच ती भयंकर. लहानपणापासून अंगात भिनवलेली शिसारी आणि खरं शहाणपण आतून सारखंच जाणवतं. निवड करायची तर विचारावं लागतं, इजा नेमकी कोणाला झाली?

वाद कोर्टात गेला. तिथे विटाळ होतो एवढं सांगून भागेना. अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करणारी रूढी अनादी काळापासूनची आहे हे सिद्ध करणं भाग होतं. ते जमलं नाही, आणि १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला.