एकादशीचा वेगळा रकाना

थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-एक तासाने. एवढं बहुतेकजण पाळतात. पण न्याहारीनंतर लगेच घेतलेली कॅल्शियमची गोळी थायरॉईडचं औषध आतड्यातच अडवते. दोन्हींत चार तास हवेत, म्हणून कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर बरं. मला जास्त काळजी वाटते ती एकादशीची. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी पोटात अन्न नसलं तरी साखर उतरवतेच. ती घेऊन दुपारपर्यंत पाण्यावर राहिलेल्या माणसाला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि 15 मिनिटांनी रक्तातली साखर तपासावी. उपवासाला ही गोळी कमी करायची की वगळायची, हे डॉक्टरांना आधीच विचारून गोळ्यांच्या वेळापत्रकात वेगळ्या रकान्यात लिहून ठेवा.