आरोग्याचा कोपरा : मानेवरची पुळी आणि रक्तातली साखर



आपल्या वाडवडिलांच्या बोलण्यात ‘काळपुळी’ हा शब्द होता आणि तो ऐकला की घरातली मंडळी गप्प व्हायची. हल्लीच्या मुलांना तो ठाऊक नसेल. मानेमागे, केस संपतात तिथे, केसांच्या मुळांशी पू होऊन तीन-चार पुळ्या आतून एक होतात आणि वरून चाळणीसारखी अनेक तोंडं पडतात, ती काळपुळी. ती कोणालाही होऊ शकते, पण मधुमेह असलेल्यांना जास्त होते.

कारण सोपं आहे. जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी साखरेच्या रक्तात मंदावतात. बारीक रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्या तर जखमेला रक्तही कमी पोचतं. शिवाय जंतुसंसर्ग झाला की साखर आणखी चढते. म्हणजे पुळी साखर वाढवते आणि साखर पुळी वाढवते.

समजा, ऑकलंडमध्ये राहणारे चौऱ्याहत्तर वर्षांचे एक काका आहेत. मधुमेह अठरा वर्षांचा. केस कापून आल्यावर मानेवर दोन पुटकुळ्या दिसल्या. काकींनी कपाटातलं जुनं जंतुनाशक मलम लावलं. तिसऱ्या दिवशी तिथे कडक गाठ आली. काका म्हणाले, “फार दुखत नाही गं, बरं होईल.” पाचव्या दिवशी उशीवर पू, अंगात कणकण आणि साखर नेहमीच्या ९ ऐवजी १७.

इथे दोन गोष्टी चुकल्या. एक, मलम. न्यूझीलंडमध्ये फ्युसिडिक ॲसिडचं मलम इतकं वापरलं गेलं, की पुळ्या करणारे बरेच स्टॅफ जंतू त्याला दाद देईनासे झाले. म्हणून इथले डॉक्टर आता ते सहसा देत नाहीत. खोल पुळीपर्यंत मलम पोचतही नाही. दुसरी, दुखण्यावरचा भरवसा. मधुमेहात संवेदना बोथट होऊ शकते, तेव्हा कमी दुखणं म्हणजे कमी आजार नव्हे. अशा वेळी डॉक्टर चीर देऊन पू काढतात, थोडा तपासायला पाठवतात आणि पोटात घ्यायच्या गोळ्या देतात. पेनिसिलिन सोसत नसेल तर आधीच सांगावं. खड्डा तळापासून हळूहळू भरतो, त्याला कित्येक आठवडे लागू शकतात. तिथे व्रण राहिला तर केस पुन्हा येत नाहीत.

सुरुवातीलाच काय करावं? स्वच्छ फडकं गरम पाण्यात पिळून दहा मिनिटं धरावं, दिवसातून तीन-चार वेळा. पिळू नये, फोडू नये, वर तेल चोपडू नये. कंगवा आणि टॉवेल वेगळे ठेवावेत. साखर रोज मोजावी. औषधं मनाने बंद करू नयेत. काही गोळ्या आजारपणात तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, ते डॉक्टरांनाच विचारावं.

मुलांनो, हे काम तुमचं. आजोबांना स्वतःची मान मागून दिसत नाही. सुजेच्या कडेने पेनने रेघ काढा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून तिथे गरम, कडक किंवा जांभळट झालंय का तेही पाहा. सूज रेघेबाहेर गेली, ताप-थंडी आली, डोळ्याभोवती सूज आली किंवा साखर १५च्या वर राहिली, तर त्याच दिवशी डॉक्टर. रात्री विचारायचं असेल तर हेल्थलाइन 0800 611 116, फुकट आहे. माणूस गुंगीत गेला किंवा धाप लागली तर थेट 111.

आता केसांचं. साखर फार चढल्यावर किंवा मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळीकडून केस गळतात. मूळ शाबूत असतं, म्हणून साखर ताळ्यावर आली की सहा-एक महिन्यांत पुन्हा भरतात. गळती थांबेना तर थायरॉईड आणि लोह तपासून घ्यावं. गुळगुळीत गोल चकती पडली तर ती चाई असू शकते. पण चकतीवर कोंडा, खाज आणि तुटके केस असतील तर बुरशी समजावी. तिला नुसतं मलम पुरत नाही, पोटात औषध लागतं.

डोक्याला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे तिथली साधी जखम लवकर भरते. दोन आठवड्यांत भरत नसेल तर दाखवा. टकलावरची खपली महिनाभर जाईना तर उन्हाने झालेला कर्करोग नाही ना, हेही पाहावं लागतं.

शेवटी एक हिशोब. मुंबईच्या रिपोर्टमध्ये तीन महिन्यांची साखर ९ टक्के असते, तीच इथल्या रिपोर्टमध्ये ७५ लिहितात. ७ टक्के म्हणजे ५३. पुळ्या परत परत येत असतील तर आधी हा आकडा विचारा.